कुत्रे नेमकं काय शिकले होते?

प्रश्न: मी एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी सेलिग्मनचा कुत्र्यांवरचा प्रयोग सांगितला आणि ‘नैराश्य म्हणजे शिकलेली असहाय्यता’ असं लिहून दिलं. माझा मोठा भाऊ चार वर्षं एमपीएससी देत होता. आता दोन महिने खोलीतून बाहेर पडत नाही. त्यालाही हेच झालंय का? शिवाय एके ठिकाणी वाचलं की हा सिद्धांत खुद्द संशोधकांनीच उलटा केला. मग परीक्षेत काय लिहायचं आणि भावाबद्दल काय समजायचं? कुत्र्यांना शॉक देऊन माणसाच्या नैराश्याबद्दल खरंच काही कळतं का?

उत्तर:

आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग पाच-सहा ओळींत उरकलेला असतो, आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी प्रयोग सावकाश सांगते. त्यावरचे आक्षेप समजायलाही त्यातले तपशीलच कामी येतात.

१९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत भीतीच्या अभिसंधानावर काम चालू होतं. कुत्र्याला बांधून आवाज ऐकवायचा, शॉक द्यायचा, आणि नंतर तोच आवाज ऐकून दुसऱ्या पेटीत तो काय करतो ते बघायचं. अडचण अशी आली की दुसऱ्या पेटीत कुत्रे काहीच करेनात. उडी मारली की शॉक थांबणार होता, तरी ते बसून राहायचे. प्रयोग करणाऱ्यांना हा प्रयोग बिघडल्यासारखा वाटला. १९६४ मध्ये तिथे दाखल झालेल्या मार्टिन सेलिग्मन या विद्यार्थ्याला आणि पुढे त्याचा सहकारी झालेल्या स्टीव्हन मायरला मात्र वाटलं, की हा बिघाड हीच खरी शोधण्यासारखी गोष्ट आहे.

१९६७ साली दोघांनी जो प्रयोग छापला त्यात २४ कुत्रे होते, आठ-आठचे तीन गट. पहिल्या गटातल्या कुत्र्याला कापडी झोळीत असं अडकवलं होतं की चारही पाय खाली लोंबतील. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फळी होती. मागच्या पायांना शॉक बसायचा आणि डोक्याने फळी दाबली की तो थांबायचा. असे ६४ शॉक. कुत्रे हे चटकन शिकले. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यालाही तसाच झोळीत टांगलं, तेवढेच ६४ शॉक दिले आणि तेवढाच वेळ दिले, पण त्याच्या फळीला काही अर्थ नव्हता. पहिल्या गटाचा शॉक जेवढा टिकला तेवढाच यांचा टिकायचा. इंग्रजीत या गटाला ‘योक्ड’ म्हणतात. योक म्हणजे जू. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखी ही जोडी: वाट्याला येतं ते दोघांच्याही सारखंच, पण कासरा फक्त एकाच्या हालचालीवर चालतो. तिसऱ्या गटाला झोळीत काहीच भोगावं लागलं नाही.

चोवीस तासांनी सगळ्यांना मध्ये अडसर असलेल्या दोन कप्प्यांच्या पेटीत सोडलं. दिवा मंद व्हायचा, दहा सेकंदांनी जमिनीतून शॉक सुरू व्हायचा, अडसरावरून पलीकडे उडी मारली की थांबायचा. नाही मारली तर पन्नास सेकंदांनी आपोआप बंद. अशा दहा फेऱ्या. दहापैकी नऊ किंवा जास्त फेऱ्यांत सुटका करून घेता न आलेले कुत्रे पहिल्या गटात एकही नव्हते, तिसऱ्या गटात एक, आणि दुसऱ्या गटात आठांपैकी सहा.

या मांडणीतली खरी हुशारी दुसऱ्या गटात आहे. पहिल्या दोन गटांना शॉक सारखाच बसला. म्हणजे ‘शॉकमुळे कुत्रा मोडला’ असं म्हणता येत नाही. फरक एवढाच, की एकाच्या हालचालीने शॉक थांबत होता आणि दुसऱ्याच्या हालचालीने काहीच होत नव्हतं. सेलिग्मन आणि मायर यांनी यातून निष्कर्ष काढला: दुसऱ्या गटातला कुत्रा हे शिकला की आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, आणि ही शिकवण त्याने नव्या पेटीतही नेली. हाच ‘शिकलेली असहाय्यता’ हा शब्दप्रयोग. १९७०च्या दशकात सेलिग्मन यांनी त्याला माणसाच्या नैराश्याचा नमुना म्हणून पुढे आणलं: निष्क्रियता, नवं शिकण्यात अडथळा, भूक मंदावणं, वजन उतरणं, सगळं जुळत होतं.

एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते, म्हणून थोडी थांबते. असहाय्य झालेल्या कुत्र्यांना बरं कसं करायचं हेही त्यांनी १९६८ मध्ये पाहिलं. पलीकडच्या कप्प्यातून हाका मारल्या, मधला अडसर काढून टाकला, पलीकडे खाणं टाकलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात पट्टा घालून कुत्र्याला एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढून नेलं. एकदा नव्हे, अनेकदा. सुरुवातीला ओढायला जोर लागायचा, मग कमी कमी लागत गेला आणि शेवटी कुत्रे आपणहून जायला लागले. समजावणं, आमिष, रस्ता मोकळा करून देणं यांनी जे झालं नाही, ते ‘माझे पाय हलले आणि शॉक थांबला’ या अनुभवाने झालं. याच्याकडे मी शेवटी परत येईन.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वर्तनवाद्यांचा होता आणि तो साधा होता: कुत्रा ‘अपेक्षा’ वगैरे काही शिकलेला नाही, तो गप्प बसायला शिकलाय. झोळीत धडपड करताना कधीतरी तो स्तब्ध असतानाच शॉक थांबला असेल, म्हणून स्तब्ध राहण्याची सवय लागली. मायर यांनी याला १९७० साली दिलेलं उत्तर मला प्रयोगरचनेचा उत्तम नमुना वाटतं. त्यांनी काही कुत्र्यांना मुद्दाम हेच शिकवलं: डोकं न हलवता स्थिर राहिलात तरच शॉक थांबेल. आक्षेप खरा असता तर हे कुत्रे दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असहाय्य दिसायला हवे होते, कारण त्यांना स्तब्धतेचंच प्रशिक्षण मिळालेलं. प्रत्यक्षात ते उडी मारायला शिकले. त्यांच्याबरोबर जुंपलेले, ज्यांच्या हाती काहीच नव्हतं, ते शिकले नाहीत. म्हणजे काय केलं याला महत्त्व नाही, करण्याने काही घडतं की नाही याला आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता आणि तो पूर्णपणे कधी परतवला गेला असं मला वाटत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले संशोधक जे वाइस म्हणत होते, की तुम्ही मनाची भाषा बोलताय, पण कुत्र्याचं शरीर थकलंय. अनियंत्रित शॉकने मेंदूतलं नॉरअॅड्रेनॅलिन काही काळासाठी घटतं आणि हालचाल सुरू करण्याची ताकदच राहत नाही. पुरावा? एकाच बैठकीत शॉक दिलेले कुत्रे चोवीस तासांनी तपासले तर असहाय्य दिसत, पण पहिली तपासणी अठ्ठेचाळीस तासांनी केली तर ठणठणीत. शिकलेली गोष्ट दोन दिवसांत अशी पुसली जाते का? शिवाय वाइस यांनी उंदरांना काही मिनिटं गार पाण्यात पोहायला लावलं. त्यात ‘माझ्या हातात काही नाही’ हे शिकण्याचा प्रश्नच नव्हता, तरी नंतर तोच दोष दिसला. आणि कडी म्हणजे, उंदरांना रोज, सलग दोन आठवडे शॉक दिला तर परिणाम वाढण्याऐवजी नाहीसा झाला. सराव वाढला की शिकणं घट्ट व्हायला हवं, इथे तर उंदीर निर्ढावले. उलट बाजूने सेलिग्मन यांच्या गटाने दाखवलं, की कुत्र्यांना एकाऐवजी अनेक दिवशी शॉक दिला तर असहाय्यता आठवडाभरानंतरही टिकते. दोन प्रयोगशाळा, दोन प्राणी, आणि एकमेकांना छेद देणारे निकाल. शॉक किती मिलिअँपिअरचा, किती वेळ, काम किती अवघड, यावर सगळं हलतं.

कामाच्या अवघडपणाचं तर बघाच. उंदरांवर हा प्रयोग सुरुवातीला जमेना. एकदा पलीकडे पळालं की शॉक थांबतो अशी रचना असली की असहाय्य केलेले उंदीरही मजेत पळत. मग नियम बदलला: पलीकडे जायचं आणि परत यायचं, तेव्हाच थांबेल. आता फरक दिसू लागला. पुस्तकात ‘उंदरांतही हेच आढळलं’ असं एक वाक्य असतं, त्याच्या पोटात हे एवढं दडलेलं असतं. प्रयोग खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण ‘प्राण्याने सगळ्याच प्रयत्नांवर पाणी सोडलं’ हे चित्र त्यातून निघत नाही. आणखी एक: आठांपैकी सहा म्हणताना दोन राहतात. पुढच्या अनेक प्रयोगांतही साधारण एक तृतीयांश प्राणी असहाय्य झालेच नाहीत, आणि काही थोडे आधी काहीही भोगलेलं नसताना असहाय्य दिसले. नंतर जर्मनीत असे जन्मतःच असहाय्य उंदीर निवडून त्यांची वेगळी पैदासही झाली. जी गोष्ट पैदाशीने वाढवता येते ती निव्वळ ‘शिकलेली’ म्हणता येईल का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

माणसांकडे येऊ. डोनल्ड हिरोटो यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना शॉकऐवजी कर्कश आवाज ऐकवला. एका गटाला बटण दाबून तो थांबवता यायचा, दुसऱ्याला नाही. मग हाताने सरकवायच्या एका यंत्राशी त्यांची गाठ घातली, जिथे मुठीने दांडा पलीकडे सरकवला की आवाज बंद. कुत्र्यांसारखाच निकाल आला. पण ते विद्यार्थी संध्याकाळी खानावळीत जाऊन जेवले, हे विसरू नका. तासाभराचं चिडणं, कंटाळणं, हात टेकणं आणि दोन-दोन आठवडे सकाळी चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, या दोन गोष्टींमध्ये फार अंतर आहे.

खरा धक्का १९७५ मध्ये बसला. ऑक्सफर्डमध्ये सेलिग्मन यांचं व्याख्यान झाल्यावर जॉन टीसडेल या तरुण मानसशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला: काही माणसं मुळीच असहाय्य होत नाहीत, काही होतात पण चटकन सावरतात, काहींची असहाय्यता एकाच क्षेत्रापुरती राहते. तुमचा सिद्धांत यांतला फरक सांगत नाही. सेलिग्मन यांनी त्याच टीसडेलना सोबत घेऊन, लिन अब्रॅमसन यांच्यासह १९७८ मध्ये सिद्धांत नव्याने मांडला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत प्रामाणिक काम. नव्या मांडणीत प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाचं कारण माणूस कुठे शोधतो याला महत्त्व आलं. कारण माझ्यात आहे की बाहेर? कायमचं आहे की तात्पुरतं? सगळीकडे लागू आहे की एवढ्यापुरतंच?

तुमच्या भावाचंच उदाहरण घेऊ. मुख्य परीक्षेत नाव आलं नाही. ‘यंदा एका पेपराची तयारी कमी पडली’ म्हणाला, तर कारण त्याच्यातलं आहे पण बदलता येण्यासारखं आणि एका पेपरापुरतं. ‘माझ्यात धमकच नाही, कुठेच काही जमणार नाही’ म्हणाला, तर कारण आतलं, कायमचं आणि सर्वत्र पसरलेलं. नवा सिद्धांत म्हणतो, की दुसऱ्या प्रकारे विचार करणाऱ्याला वाईट प्रसंगानंतर नैराश्य येण्याचा धोका जास्त. याला नंतर बऱ्यापैकी भक्कम आधार मिळाला. टेम्पल आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांत विद्यार्थ्यांना विचारपद्धतीनुसार आधीच निवडून पुढे अडीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना आधी कधीच नैराश्य नव्हतं, त्यांच्यापैकी निराशावादी विचारपद्धतीच्या गटात सुमारे १७ टक्क्यांना पहिल्यांदा तीव्र नैराश्य आलं, दुसऱ्या गटात सुमारे १ टक्क्याला. आधी निवडून मग वाट पाहिली, ही याची ताकद. नाहीतर नैराश्य आल्यावर माणूस नकारात्मक बोलणारच, त्यावरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कसं ठरवायचं? पण १७ टक्के म्हणजे बाकी ८३ टक्क्यांना नैराश्य आलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. वीस-बावीस वर्षं रुग्ण पाहते आहे, आणि नैराश्यातला माणूस जवळजवळ नेहमी दोन गोष्टी बोलतो: ‘माझ्या हातात काही नाही’ आणि ‘सगळं माझ्यामुळे झालं’. आई-बाबांचे पैसे बुडवले, बहिणीचं लग्न माझ्यामुळे लांबलं. जर तुमच्या हातात काहीच नव्हतं तर दोष तुमचा कसा? कुत्र्याच्या झोळीतून हा अपराधभाव निघत नाही. अब्रॅमसन आणि हॅरल्ड सॅकहाइम यांनी १९७७ मध्ये हाच विरोधाभास मांडला होता. नव्या मांडणीतलं ‘आतलं कारण’ त्याला अर्धवट उत्तर देतं, पण खुर्चीसमोर बसलेल्या माणसाचा अपराधभाव बघितला की ते उत्तर अपुरं वाटतं.

आणि दुसरा विरोधाभास त्याहून मजेशीर. सिद्धांतानुसार निराश माणसाला नियंत्रण असूनही ते दिसत नाही. १९७९ मध्ये लॉरेन अॅलॉय आणि अब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांसमोर एक बटण आणि एक हिरवा दिवा ठेवला. काही फेऱ्यांत बटण दाबा की न दाबा, दिवा सारख्याच प्रमाणात लागायचा. निराशेची लक्षणं असलेल्या विद्यार्थ्यांनी बरोबर ओळखलं की आपल्या बटणाने काही होत नाही. आनंदी विद्यार्थ्यांना मात्र दिवा वारंवार लागला की वाटायचं, आपणच तो लावतोय. चुकत होते ते निरोगी लोक! हा निकाल सौम्य निराशेच्या विद्यार्थ्यांवरचा आहे, रुग्णालयातल्या रुग्णांवर तो तसाच लागू करू नये. तरीही ‘निराश माणसाची समजूत चुकीची असते, ती दुरुस्त करा’ या विधानाला त्याने सुरुंग लावला. एमपीएससीच्या मुलांशी बोलताना मला हा प्रयोग फार आठवतो. लाखो अर्ज, थोड्या जागा, पुढे ढकललेल्या तारखा. ‘माझ्या हातात फारसं नाही’ असं जो म्हणतो तो कधीकधी फक्त हिशेब बरोबर करत असतो.

तुम्ही वाचलेल्या ‘उलटापालटीचा’ भाग आता. मायर पुढे कोलोरॅडो विद्यापीठात गेले आणि मेंदूविज्ञान नव्याने शिकले. त्यांनी उंदरांच्या शेपटीला शॉक देऊन समोर एक चाक ठेवलं. एका उंदराने चाक फिरवलं की त्याचा आणि जोडीदाराचा, दोघांचाही शॉक थांबे. मूळचीच जुवाची रचना. मग त्यांनी मेंदूत शोध घेतला. मेंदूच्या बुंध्यात ‘डॉर्सल राफे न्यूक्लियस’ नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे, जो मेंदूभर सेरोटोनिन पाठवतो. दीर्घ, टाळता न येणारा त्रास झाला की हा पुंजका जोरात चेकाळतो, आणि त्याचं चेकाळणं औषधाने रोखलं तर असहाय्यता येत नाही. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे.

पुढचं अपेक्षेप्रमाणे नव्हतं. हा पुंजका नियंत्रण असलेल्या उंदरातही चेततो, पण तिथे कपाळामागच्या मेंदूचा आतला खालचा भाग, ज्याला व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो त्याला लगाम घालतो. २००५ मध्ये छापलेल्या प्रयोगांत मायर यांच्या गटाने हा लगाम घालणारा भाग औषधाने बंद केला. उंदीर चाक फिरवायला व्यवस्थित शिकले, शॉकही थांबवत होते, तरी दुसऱ्या दिवशी असहाय्य झाले. मग उलटा प्रयोग: ज्यांना चाकाचा काही उपयोग नव्हता अशा उंदरांत हाच भाग औषधाने चालू ठेवला. ते असहाय्य झाले नाहीत.

अर्थ काढा. दीर्घ त्रासात निष्क्रिय आणि भेदरलेलं होणं हे शिकावं लागत नाही. तो सस्तन प्राण्याचा आयता प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते नियंत्रण: माझ्या करण्याने काही थांबतं हे. मेंदूचा पुढचा भाग हे ओळखतो आणि बुंध्याला आवरतो. १९६७ मध्ये ज्या कुत्र्याने काही शिकलं होतं तो पहिल्या गटातला, फळी दाबणारा. दुसरा फक्त शरीराने जे आपोआप होतं ते करत होता. २०१६ मध्ये, त्या पहिल्या प्रयोगानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, मायर आणि सेलिग्मन दोघांनी मिळून लिहिलं की आपण गोष्ट उलटी वाचली होती. आपल्या नावावर अर्ध्या शतकाची कीर्ती असलेल्या सिद्धांताबद्दल असं लिहायला धाडस लागतं. (तरी पुस्तकांत अजून जुनीच आवृत्ती छापली जाते. परीक्षेत दोन्ही लिहा, आधी १९६७, मग १९७८, मग २०१६. गुण कापले जाणार नाहीत.)

पण यामुळे नैराश्याचं कोडं सुटलं का? माझ्या मते नाही, आणि इथे दोन आक्षेप मला फार वजनदार वाटतात. पहिला: हे जे उंदरांत दिसतं ते नैराश्य आहे की भीती? असहाय्य उंदीर नवख्या उंदराजवळ जात नाही, भीतीचे संकेत त्याला जास्त काळ आठवतात, आणि शॉकच्या आधी चिंता कमी करणारं औषध दिलं तर असहाय्यता येतच नाही. चिंतेच्या गोळ्यांनी कोणाचं नैराश्य बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. हा नमुना कदाचित आघातानंतरच्या चिंतेच्या जास्त जवळ आहे. नैराश्यविरोधी औषधं काही दिवस दिल्यावर असहाय्य उंदीर सुधारतात हे खरं, पण तीच औषधं चिंतेतही चालतात, त्यामुळे तेवढ्याने भांडण मिटत नाही.

दुसरा आक्षेप तर मोठा असूनही वर्गात कोणी सांगत नाही. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं. आणि असहाय्यतेचे बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झालेत. ट्रेसी शोर्स यांच्या गटाने २००८ मध्ये मादी उंदरांवर पाहिलं, तर त्या नरांसारख्या असहाय्य झाल्याच नाहीत. नंतर मायर यांच्या परंपरेतल्या संशोधकांनाही दिसलं, की मादीला चाक फिरवून शॉक थांबवता आला तरी त्या नियंत्रणाचं संरक्षण तिला नरासारखं मिळत नाही. ज्या आजाराचा नमुना म्हणून हा प्राणी ठेवलाय, त्या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तो लागू होतो की नाही हेच स्पष्ट नसेल, तर ‘नैराश्य म्हणजे शिकलेली असहाय्यता’ हे वहीत लिहून घेण्याआधी पेन थांबायला हवं.

कुत्र्यांना शॉक देण्याबद्दल तुम्ही विचारलंत. आजच्या कुठल्याही संस्थेच्या नैतिक समितीकडून त्या स्वरूपात हे काम पास होणं मला अवघड वाटतं, आणि मला त्याचं दुःख नाही. तरी त्यातून काही कळलंच नाही असंही नाही. त्रास सारखा असताना त्यावर आपली पकड असणं-नसणं शरीरावर आणि वागण्यावर वेगळा परिणाम करतं, ही गोष्ट त्या २४ कुत्र्यांमुळे कळली, आणि आक्षेपांच्या सगळ्या माऱ्यातून ती टिकून राहिली. ‘हेच नैराश्याचं कारण’ हे मात्र त्यातून कधीच सिद्ध झालं नव्हतं.

आता तुमचा भाऊ. दुरून निदान करणार नाही, पण माझ्याकडे असा कोणी आला तर मी काय करते ते सांगते. आधी सिद्धांत बाजूला ठेवते. झोप कधी मोडते, सकाळी जास्त वाईट वाटतं का, भूक आणि वजन, घरात आधी कोणाला नैराश्य किंवा अतिउत्साहाचे झटके होते का, थायरॉइडची तपासणी झाली आहे का, दारू किंवा गोळ्या आहेत का. दोन महिने खोलीतून बाहेर न पडणं म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायची वेळ झालेली आहे. औषध लागेल की नाही हे ते ठरवतील. आणि एक प्रश्न थेट विचारायचा: जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

त्यानंतर माझ्या कामाच्या भागात पट्ट्याचा प्रयोग उपयोगी पडतो, तोही मर्यादित अर्थाने. घरचे लोक सहसा कुत्र्याच्या बाबतीत जे जमलं नाही तेच करत असतात: हाका मारतात, आमिष दाखवतात, ‘पलीकडे रस्ता मोकळा आहे, जा ना’ म्हणतात. मी त्याच्याकडून आधी आठवड्याचा तासावार तक्ता भरून घेते, तो दिवसभर काय करतो आणि त्या वेळी मन शून्य ते दहा किती जड असतं एवढंच. मग अशी एक कृती निवडायची, जिचा निकाल त्याच्याच हालचालीवर आणि लगेच अवलंबून असतो. परीक्षा ही अशी कृती नाही, तिचा निकाल वर्षाने आणि दुसऱ्यांच्या हातून येतो. सकाळी आठच्या आत आंघोळ, गच्चीत दहा मिनिटं, चहा स्वतः करणं, या अशा कृती आहेत. सुरुवातीला कोणीतरी अक्षरशः हात धरून न्यावं लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत जे घडलं ते इथेही बघावं लागतं: ओढ कमी कमी होतेय का? चौथ्या आठवड्यातही तेवढाच जोर लागत असेल, तर मी उपचार बदलते किंवा औषधाबद्दल पुन्हा डॉक्टरांशी बोलते. आणि ‘सगळं माझ्यामुळे झालं’ या वाक्यासाठी वेगळे तास लागतात. त्या वाक्यावर बोलणं आंघोळीच्या तक्त्याने होत नाही.